वहीतला ‘पू’ आणि वहीतला ‘उ’

“हात धुतल्याशिवाय वहीला शिवायचं नाही. आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, मनाला वाटतं ते नाही. मनाला वाटलेलं लिहायला वेगळ्या वह्या असतात.”

सुट्टीत आल्या दिवशीच मावशीने भिंगरीला हे सांगून ठेवलं होतं. आज सोमवारी सकाळी कीर्तनाच्या हजेरीची तीच वही कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरीखाली दडपलेली पाहून भिंगरीला मावशीचा तो हळू पण ठाम आवाज आठवला, आणि काहीतरी बिनसलंय हे लगेच कळलं. वही खाली ठेवून मावशी कधी झोपायचीसुद्धा नाही.

“तुझ्या आईने वही का लपवलीय?” तिने मावसभावाला विचारलं.

मावसभावाला सगळे शंकासूर म्हणायचे. सूर्य उगवला असं कुणी म्हटलं तरी तो खिडकीतून डोकावून खात्री करून घ्यायचा. “लपवली नाही, बंद केली. कीर्तनमंडळाच्या अध्यक्षकाकांनी काल मंडपाच्या दारावर सूचना लावली ना, त्यानंतर. तू वाचलीस का?”

भिंगरी तिच्या नावाला जागून जिन्यावरून गरगरत खाली गेली आणि मंडपाकडे पळाली. शंकासूर मागोमाग, आणि कोपऱ्यावरून शिंपीणकाकूंची मुलगी टाचणीही येऊन मिळाली. टाचणी बारीक होती, बोलणंही बारीकच, पण टोचायचं बरोबर.

सूचना टपोऱ्या अक्षरात होती. कीर्तनात उशिरा येणाऱ्यांमुळे बुवांचा रसभंग होतो. हजेरीवहीवरून पाहता गेल्या तेहेतीस कीर्तनांत तेहेतीस वेळा लोक उशिरा आले आहेत. सबब येत्या रविवारपासून नमन सुरू होताच फाटकाला कुलूप लागेल, ते आरतीनंतरच उघडेल. खाली उशीर करणाऱ्यांची सहा नावं. त्यात तिसरं नाव टाचणीच्या आईचं होतं.

“गावभर झालं,” टाचणी म्हणाली. “सकाळपासून आई काहीच बोलली नाही. शिवतानाही बोलते ती, दोरा तोडताना तर जास्तच. आज गप्प.”

“पण काकू उशिरा जातात का खरंच?”

“जाते. कधी कधी. मला म्हणते, मशीनवर काम राहिलं होतं.” टाचणीने पायाने एक खडा ढकलला. “आता गंमत सांगू? कीर्तनाच्या दिवशी तिच्या मशीनवर चार वाजताच झाकण पडतं.”

तिघं तशीच मावशीकडे निघाली.

मावशी मागच्या खोलीत जपाला बसली होती. तिचा रोजचा नेम संपेपर्यंत कुणी हाक मारायची नाही, हा घरातला शिरस्ता. तिघं भिंतीला टेकून बसून राहिली. माळ डोळ्यांना लावून मावशी उठली तेव्हा भिंगरीने स्वच्छ धुतलेले दोन्ही हात पुढे करून दाखवले.

मावशीला हसू आलं, पण अर्धवटच. “वही पाहायची आहे? पाहा बाई. आता तिचा दुसरा उपयोग नाही. कोण आजारी आहे, कुणाला जमिनीवर बसवत नाही, सतरंज्या किती घालायच्या, हे कळावं म्हणून आठ वर्षं लिहिली. लागोपाठ तीन रेघा आल्या की त्या घरी जाऊन विचारपूस करायची, एवढाच हेतू. तिचा असा दंडुका होईल असं वाटलं नव्हतं.”

वही लांबट होती. डावीकडे नावं, गल्लीगल्लीप्रमाणे. वर आडव्या तारखा, दर गुरुवार आणि दर रविवार. चौकटीचौकटीत बारीक खुणा. बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण, न आलेल्यांपुढे आडवी रेघ, आणि मधूनच ‘उ’, मधूनच ‘पू’.

“पू?” शंकासूर नाक आक्रसून म्हणाला. “कुणाला गळू झालं होतं?”

“गप रे. पू म्हणजे पूर्ण. उ म्हणजे उशिरा,” भिंगरी म्हणाली. “सूचनेतही तेच धरलंय.”

“मग बरोबरची खूण म्हणजे काय? तेही पूर्णच ना? एका गोष्टीला दोन खुणा कशाला?”

शंकासुराची शंका या वेळी बिनतोड होती. मावशी दारातच थांबली. “पूर्ण कोण म्हणालं तुला?”

“सूचनेसाठी मंडळाच्या चिटणीसकाकांनी बेरीज केली, ती अशीच केली असणार,” भिंगरी म्हणाली.

“मला कुणी विचारलंच नाही,” मावशी सावकाश म्हणाली. “खुणांचा अर्थ पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. ही पाचवी वही. अगं, पू म्हणजे पूर्वरंग आणि उ म्हणजे उत्तररंग. कीर्तनाचे दोन भाग नाहीत का? आधी नमन, मग अभंगावरचं निरूपण, तो पूर्वरंग. मग सगळे मिळून नामाचा गजर करतात. त्यानंतर गोष्ट, म्हणजे आख्यान, तो उत्तररंग. शेवटी आरती. जो फक्त पहिल्या भागाला होता त्याला पू, जो फक्त दुसऱ्याला होता त्याला उ. दोन्हीला असला तर बरोबर.”

“पण एवढ्या गर्दीत कोण कधी उठलं, तुला कसं कळतं?” टाचणीने विचारलं.

“मी माणसं बघतच नाही. नमनाच्या वेळी एकदा, गजराच्या वेळी एकदा आणि आरतीला एकदा चपलांच्या फळ्यांपाशी फेरी मारते. माणूस खांबाआड बसतं, पदर घेतं, मान वळवतं. चपला वळवत नाहीत. गावातली प्रत्येक चप्पल मला ओळखते. पेन्सिलीने खूण करायची, आरती झाली की शाई फिरवायची.”

“म्हणजे पू वाले मधूनच उठून गेले,” भिंगरी म्हणाली. “मावशी, सूचनेत ते पूर्ण धरलेत आणि खरं तर ते अर्ध्यातून पळाले.”

“मी दिवसाची बेरीज खाली करते आणि एकेका माणसाच्या रेघा आडव्या बघते. पू आणि उ कधी मोजलेच नाहीत. अर्ध्याचं काय मोजायचं? जेवढं कानावर पडलं तेवढं देवाचं.”

मावशी स्वयंपाकघरात गेली आणि तिघं वहीवर वाकली. शंकासूर तारीख वाचायचा, टाचणी नावावर बोट ठेवायची, भिंगरी पाटीवर लिहायची. सूचनेत धरलेल्यांपैकी पहिल्या पाच तारखा झाल्या आणि भिंगरीचा खडू थांबला.

“रोज एकच पू. आणि रोज एकच उ.”

“योगायोग,” शंकासूर म्हणाला.

दहा तारखा झाल्या. एकच पू, एकच उ. वीस झाल्या. तीस. शंकासुराने योगायोग म्हणणं सोडून दिलं.

“नावंसुद्धा सहाच,” टाचणी कुजबुजली. “आई आणि पोस्टातल्या बाई. मग दूधवाल्या काकू आणि शाळेतल्या जुन्या बाई. मग नर्सबाई आणि बेकरीवाल्या काकू. आणि पुन्हा आई. एका दिवशी आई उ असते तेव्हा पोस्टातल्या बाई पू. पुढची पाळी आली की उलट.”

“तेहेतीस कीर्तनं, तेहेतीस उ, तेहेतीस पू,” भिंगरी म्हणाली. “आणि त्याच्या आधी?”

त्यांनी मागची पानं उलटली. आधी असलं काही नव्हतंच. एखादा पू, दोन आठवड्यांनी एखादा उ, कुणाचं मूल रडलं असेल, कुणाच्या घरी पाहुणे आले असतील. मग एका गुरुवारी बेकरीवाल्या काकूंच्या पुढे एक आडवी रेघ, आणि त्यानंतरच्या रविवारपासून ही शिस्त. शाळेतल्या वेळापत्रकासारखी.

“उशीर असा पाळीपाळीने होत नाही,” शंकासूर म्हणाला. “हे ठरवून चाललंय. एक येते तेव्हा दुसरी जाते. पण जाते कुठे?”

“वही सांगेल,” भिंगरी म्हणाली. “गुरुवारी कुणाची पाळी?”

टाचणीने बोट सरकवलं आणि तिचा चेहरा उतरला. “आई उ. पोस्टातल्या बाई पू.”

गुरुवारी पाच वाजता तिघं मंडपाच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे बसली. मावशीने वही कपाटातून काढली होती. बंद करायची तर रविवारी करीन, आजचा दिवस कोरा ठेवणार नाही, म्हणाली. नमन झालं. शिंपीणकाकूंच्या चपला फळीवर नव्हत्या. पोस्टातल्या बाईंच्या होत्या, टाचेकडे झिजलेल्या.

बुवांनी निरूपणाला सुरुवात केली. नावाड्याचा दृष्टांत होता. दिवसभर लोकांना पैलतीरी पोचवतो, पण स्वतः नावेतून उतरत नाही, मग त्याला पैलतीर मिळाला की नाही?

“मिळाला ना, रोज वीस वेळा,” शंकासूर पुटपुटला.

“पण पाय कुठे लावला त्याने?” टाचणी म्हणाली.

“तुम्ही दोघं ऐकायला आलात की पहाऱ्याला?” भिंगरी फिसकारली.

टाळ वाजू लागले. सगळा मंडप गजरात उभा राहिला आणि त्या गलबल्यात पोस्टातल्या बाई हलकेच बाहेर आल्या, चपला हातात घेतल्या आणि चौकातून पुढे गेल्यावरच पायात घातल्या.

“चला,” भिंगरी म्हणाली.

ऊन अजून उतरलं नव्हतं, त्यामुळे लपणं सोपं नव्हतं. शंकासूर एका विजेच्या खांबाआड उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी दिसत राहिला. बाई मात्र मागे वळून पाहतच नव्हत्या. त्यांना घाई होती. लोहाराच्या दुकानावरून, पिठाच्या गिरणीच्या बोळातून त्या सरळ गेल्या आणि एका मोठ्या घराच्या परसदारी पोचल्या. कडी न वाजवता आत शिरल्या.

“हे तर अध्यक्षकाकांचं घर,” शंकासूर म्हणाला.

परसातली खिडकी उघडी होती. तिघांनी तीन विटा रचून डोकी वर काढली. आत खाटेवर अध्यक्षकाकांची आई, मोठ्या आजी, उशीला टेकून बसल्या होत्या. दीड वर्षापूर्वी कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून त्या एकट्याने उठू शकत नसत. शेजारी शिंपीणकाकू त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. पोस्टातल्या बाईंना पाहताच त्यांनी चमचा त्यांच्या हाती दिला.

“पाय चोळून झालेत. औषध सहाला द्या. काय सांगितलं बुवांनी?”

“नावाडी सांगितला. तुम्ही पळा, आख्यान सुरू होईल. मी आजींना सांगते.”

“नीट सांग हो,” मोठ्या आजी म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी दूधवालीने अभंगाचं तिसरं चरण गाळलं होतं.”

टाचणीला काय झालं कुणास ठाऊक, तिला हुंदका फुटला. वीट सरकली, शंकासूर घसरला आणि त्याने खिडकीची चौकट पकडताना पडदाच खाली ओढला.

“कोण आहे गं तिथे?” शिंपीणकाकू धावल्या आणि आपल्याच मुलीसमोर येऊन उभ्या राहिल्या. “टाचणे. तू?”

“तू मशीनवर होतीस ना?” टाचणी डोळे पुसत म्हणाली.

मुलांना आत बोलावण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शिंपीणकाकूंचं आख्यान त्या दिवशी बुडायची वेळ आली, म्हणून पोस्टातल्या बाईंनीच थोडक्यात सांगितलं.

आजींना सांभाळायला एक बाई होत्या. कीर्तनाच्या दिवशी सातच्या गाडीपर्यंत थांबायच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांची सातची गाडी बंद झाली, शेवटची गाडी पाचची. आजी त्यांना म्हणाल्या, तुम्ही जा, मुलाला मी सांगते. इतर दिवशी अध्यक्ष दुकान बंद करून पाचच्या आतच घरी यायचे आणि बाई निघायच्या. प्रश्न फक्त गुरुवार-रविवारचा होता, आणि आजींनी मुलाला सांगितलंच नाही.

“का नाही सांगितलं?” भिंगरीने विचारलं.

“सांगितलं असतं तर तो कीर्तनाला गेला नसता,” मोठ्या आजी म्हणाल्या. “वडिलांच्या मागे त्याने हा नेम धरलाय. माझं हाड मोडलं, त्याचा नेम कशाला मोडू?”

“आणि मग एका गुरुवारी,” शिंपीणकाकू म्हणाल्या, “बेकरीवाल्या काकू पाव द्यायला परसदारी आल्या, तर या जमिनीवर. पाण्याचा तांब्या घ्यायला वाकल्या होत्या म्हणे. काकूंचं त्या दिवशीचं कीर्तन राहिलं. रविवारपासून आम्ही सहाजणींनी वाटून घेतलं. कुणाचंच अख्खं कीर्तन बुडायला नको आणि कुणाला एकच भाग सारखा नको, म्हणून पाळी उलटी करायची. आरतीची घंटा ऐकू आली की मागच्या दाराने बाहेर.”

“माझ्या मावशीला तरी सांगायचं,” भिंगरी म्हणाली. “तिला किती वाईट वाटलंय.”

“तुझ्या मावशीला? अगं, तिने वहीत लिहिलं असतं.”

हे इतकं खरं होतं की भिंगरीलाही मान डोलवावी लागली.

“आता रविवारी कुलूप लागणार,” शंकासूर म्हणाला. “मग?”

“मग काय,” शिंपीणकाकूंनी पदर खोचला. “दर खेपेला एकीने कीर्तन सोडायचं. आजींना सोडता येत नाही.”

“ते मला चालायचं नाही,” आजी म्हणाल्या. “माझ्यापायी कुणाचं कीर्तन अडणार असेल तर रविवारपासून कुणी येऊ नका. मी पडून राहीन हलल्याशिवाय. आणि पोरांनो, माझ्या मुलाला एक अक्षर बोलायचं नाही. शब्द द्या.”

तिघांनी शब्द दिला. द्यावाच लागला. पण घरी जाताना तिघं गिरणीच्या बोळातच थांबली.

“आजी पुन्हा पडल्या तर?” टाचणी म्हणाली. “आपण शब्द पाळत बसायचं?”

“सांगायचं नाही असा शब्द दिलाय,” भिंगरी विचार करत म्हणाली. “वाचायला द्यायचं नाही, असा नाही दिला.”

रविवारी पावणेपाचला अध्यक्षकाका फाटकापाशी उभे होते. हातात नवं कोरं कुलूप. माणूस वाईट नव्हता. मंडपातली प्रत्येक सतरंजी ते स्वतः झटकून घालायचे. फक्त एकदा काही ठरवलं की त्यांना आजूबाजूचं दिसेनासं व्हायचं.

“काका,” भिंगरी वही छातीशी धरून पुढे झाली, “मावशी मला वही शिकवतेय. पण ती म्हणते, तिने वही बंद केलीय. तुम्ही शिकवाल का?”

“मी? अगं, सोपं आहे. पू म्हणजे पूर्ण, उ म्हणजे उशिरा.”

“मग बरोबरची खूण म्हणजे काय?” शंकासूर आलाच.

काकांनी डोकं खाजवलं. मावशी चपलांच्या फळ्या पुसत होती. तिने मान वर न करता अर्थ सांगितला. पूर्वरंग. उत्तररंग.

“असं होय,” काका म्हणाले. “म्हणजे चिटणिसांनी चुकीचं वाचलं. असू दे. मधूनच उठून जाणं तर आणखी वाईट.”

“मग एका दिवसात असे किती जण, ते मोजून दाखवा ना,” भिंगरी म्हणाली. “मला आडवं-उभं नीट जमत नाही.”

काकांनी मोजलं. एक पू, एक उ. पुढची तारीख. एक पू, एक उ. त्यांच्या कपाळावर आठी पडली. बोट झरझर सरकू लागलं, मग सावकाश झालं.

“या सहाजणी पाळीने जातायत. कुठे जातात?”

“ते आम्हाला सांगता येत नाही,” टाचणी म्हणाली. “शब्द दिलाय. पण वहीने कुणाला शब्द दिलेला नाही.”

काकांनी वही जवळ ओढली. मग त्यांनी पानं मागे उलटली आणि जिथून ही शिस्त सुरू झाली होती त्या रविवारपाशी थांबले. त्याच्या आधीच्या गुरुवारी बेकरीवाल्या काकूंपुढे आडवी रेघ.

“त्या गुरुवारी,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “मी घरी गेलो तर आईचा कोपर काळानिळा. म्हणाली, खाटेचा कठडा लागला. आणि बेकरीवाल्या वहिनी तेव्हापासून रोज तिची चौकशी करतात.” त्यांनी मंडपात नजर टाकली. शाळेतल्या जुन्या बाई पुढे बसल्या होत्या. “आज पू यांचा दिसतो. उ दूधवाल्या वहिनींचा. त्या आलेल्या नाहीत.”

आत बुवा तंबोरा लावत होते.

“सांभाळणारी बाई किती वाजता जाते माझ्याकडची?” काकांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. कुलूप मावशीच्या हातात देऊन ते चालू लागले, आणि चौकात पोचेपर्यंत त्या चालण्याचं पळणं झालं.

त्या दिवशी फाटक उघडंच राहिलं. गजराच्या आधीच दूधवाल्या काकू गोंधळलेल्या चेहऱ्याने मंडपात आल्या, आणि शाळेतल्या बाईंना खुणेने सांगितलं, उठू नका, मुलगा आहे तिथे. मावशीने वही पुन्हा हाती घेतली, आणि कित्येक आठवड्यांनंतर प्रथमच त्या दिवशीच्या रकान्यात पू नव्हता. एक उ तेवढा होता, आणि अध्यक्षांच्या नावापुढे आठ वर्षांतली पहिली आडवी रेघ.

दुसऱ्या दिवशी दारावरची सूचना उतरली. काकांनी ती स्वतः फाडली, सहाही घरी जाऊन आले, आणि मावशीकडे येऊन म्हणाले, “वहिनी, तुमच्या वहीने जे दाखवलं ते माझ्या घरात राहून मला दिसलं नाही. वही बंद करू नका. आणि खुणांचा अर्थ प्रत्येक वहीत लिहा, आमच्यासारख्या शहाण्यांसाठी.”

“लिहीन,” मावशी म्हणाली. “चुकलं माझंही. आठ वर्षं खुणा केल्या, वाचल्या मुलांनी.”

गुरुवारी नमनाआधी बुवांनी तिघांना पुढे बोलावलं. “श्रोते पुष्कळ असतात. पण कोण का उठून गेलं, हे विचारणारा श्रोता मला पहिल्यांदा भेटला. तोही तीन तुकड्यांत.” मंडप हसला. शंकासूर एवढा लाजला की त्याला शंकाच सुचली नाही. शिंपीणकाकूंनी टाचणीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

सांभाळणाऱ्या बाईंची वेळ काही बदलता येणार नव्हती, गाडीच नव्हती. सहाजणींनी पाळी सोडायला साफ नकार दिला. मोठ्या आजींनी मुलाला कीर्तन सोडू द्यायला नकार दिला. शेवटी सहांचे सात झाले, आणि आजींनी एकच अट घातली, की निरूपण शब्दाला शब्द आलं पाहिजे, चरण गाळायचं नाही. मुलाने तसं कबूल केलं होतं.

त्या दिवशी अध्यक्षकाका पहिल्यांदाच खांबाला न टेकता, सतरंजीवर, लहान मुलासारखे कान देऊन बसले. मधूनच त्यांचे ओठ हलत होते. टाळ वाजू लागले, सगळे गजरात उभे राहिले, तसे ते मागच्या मागे बाहेर आले. चपला हातात घेतल्या. फळ्यांपाशी उभ्या असलेल्या भिंगरीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बोटांवर अभंगाची चरणं मोजत, पहिलं, दुसरं, तिसरं, असं पुटपुटत ते गिरणीच्या बोळाकडे वळले.